विश्लेषण : कार्डवरून परस्पर पैसे गेले, बँकेला पाठवायच्या ईमेलमध्ये काय लिहावे, कधी पाठवावा?

कार्ड खिशात, पिन कुणाला सांगितलेला नाही, तरीही खात्यातून पैसे वजा झाल्याचा एसएमएस येतो. अशा वेळी बहुतेक जण आधी शाखेत ओळखीच्या माणसाला फोन लावतात आणि सकाळी बँक उघडण्याची वाट पाहतात. मात्र पैसे परत मिळणार की नाही, हे बऱ्याचदा ‘बँकेला कधी कळवले’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. ते उत्तर कागदोपत्री सिद्ध करणारा सर्वांत सोपा पुरावा म्हणजे ईमेल. त्यात काय असावे, काय नसावे आणि तो पाठवल्यानंतर बँकेवर कोणती बंधने येतात, ते पाहू.

नियम काय सांगतो?

ऑक्टोबर २०१६ मध्ये देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती चोरांच्या हाती लागल्याची शक्यता समोर आली. एटीएम यंत्रणा चालवणाऱ्या एका कंपनीच्या व्यवस्थेत शिरकाव झाला होता. बँकांना लाखो कार्डे बंद करावी लागली किंवा ग्राहकांना पिन बदलायला सांगावे लागले. यात ग्राहकाची चूक नव्हती आणि त्याच्या बँकेचीही थेट चूक असेलच असे नव्हते. मग नुकसान कोणी सोसायचे, हा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाचे उत्तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात मिळते. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी किती, हे त्यात ठरवून दिले आहे. सरकारी, खासगी आणि ग्रामीण बँकांना ते लागू झाले. त्याच वर्षी १४ डिसेंबरला सहकारी बँकांसाठीही तसेच परिपत्रक निघाले. पतसंस्था मात्र बँक नसल्याने त्यांना हा नियम लागू होत नाही. बुलडाण्यासारख्या जिल्ह्यात अनेकांची खाती पतसंस्थांत असतात, म्हणून हा फरक लक्षात ठेवायला हवा.

परिपत्रकाचे सार तीन वाक्यांत सांगता येते. चूक बँकेची असेल, तर ग्राहकाने कळवले असो वा नसो, त्याचे नुकसान शून्य. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास नुकसान शून्य. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे.

यातील दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात ‘कळवणे’ हाच निर्णायक शब्द आहे. ईमेलमधील वेळेला महत्त्व येते ते त्यामुळेच.

एक नमुना : रोहिणखेडचा खातेदार

नियम समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. मोताळा तालुक्यातील रोहिणखेडचा एक कापूस उत्पादक शेतकरी. बचत खाते मोताळ्याच्या शाखेत. कापसाचे पैसे नुकतेच जमा झालेले. शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री त्याच्या मोबाइलवर लागोपाठ तीन एसएमएस येतात. ११.४२ ला ४,९९९ रुपये, ११.४४ ला ९,८०० रुपये आणि ११.५१ ला १४,५०० रुपये. एकूण २९,२९९ रुपये. तिन्ही व्यवहार एका परदेशी संकेतस्थळावर झालेले असून एकाही व्यवहारासाठी ओटीपी आलेला नाही.

ओटीपीशिवाय व्यवहार कसा झाला, असा प्रश्न पडेल. देशातील ऑनलाइन खरेदीला ओटीपीसारखी दुसरी खातरजमा सक्तीची आहे, पण अनेक परदेशी संकेतस्थळे केवळ कार्ड क्रमांक, मुदत आणि मागचा तीन अंकी सीव्हीव्ही यावर पैसे घेतात. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये आदेश काढला की, नवे कार्ड देताना ते फक्त देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्रावर चालावे. ऑनलाइन किंवा परदेशी वापर ग्राहकाने स्वतः सुरू करायचा. आपल्या शेतकऱ्याने तो सुरू केलेला नाही. मग तो कोणी सुरू केला, हा प्रश्न त्याच्या ईमेलमध्ये आलाच पाहिजे, कारण त्याचे उत्तर फक्त बँकेच्या नोंदींत आहे.

आधी फोन, मग ईमेल

ईमेल हा पुरावा आहे, पण तो वाचला जाईपर्यंत चोर थांबत नाही. त्यामुळे पहिले काम कार्ड बंद करण्याचे. बँकेच्या ॲपमध्ये कार्ड ‘ब्लॉक’ करण्याची सोय असते. ॲप नसेल तर कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करावा. क्रमांक गुगलवर शोधू नये. तेथे बँकेच्या नावाने खोटे ‘कस्टमर केअर’ क्रमांक टाकलेले आढळतात आणि एक फसवणूक निस्तरताना माणूस दुसऱ्या फसवणुकीत सापडतो.

फोनवर तक्रार क्रमांक मागून लिहून घ्यावा. त्यानंतर सायबर फसवणुकीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर नोंद करावी. पैसे ज्या खात्यात गेले तेथे ते गोठवण्याचा प्रयत्न या मार्गाने होतो. पण १९३० वर केलेली तक्रार म्हणजे आपल्या बँकेला दिलेली सूचना नव्हे. बँकेला वेगळे कळवावेच लागते.

आपल्या शेतकऱ्याने ११.५५ ला फोन केला आणि मध्यरात्र उलटून दहा मिनिटांनी ईमेल पाठवला. तारीख बदलल्यामुळे ईमेलवर ८ नोव्हेंबर अशी नोंद पडेल. म्हणूनच फोनची वेळ आणि तक्रार क्रमांक ईमेलमध्ये लिहिणे आवश्यक ठरते. बँकेला पहिली सूचना ७ तारखेलाच मिळाली, हे त्यावरून दिसते.

ईमेल कसा असावा?

ईमेल बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेल्या तक्रार पत्त्यावर पाठवावा आणि आपल्या शाखेच्या पत्त्यावर प्रत द्यावी. शक्यतो खात्याशी जोडलेल्या ईमेलवरूनच पाठवावा. भाषा मराठी असली तरी हरकत नाही, पण दुकानाचे किंवा संकेतस्थळाचे नाव एसएमएसमध्ये जसे आले तसेच उतरवावे. वेळ चोवीस तासांच्या पद्धतीने लिहावी, म्हणजे रात्रीचे बारा की दुपारचे, असा घोळ होत नाही. आपल्या शेतकऱ्याचा ईमेल असा असू शकेल :

> विषय : तातडीचे – अनधिकृत कार्ड व्यवहार, रु. २९,२९९, दि. ७/११/२०२५ – कार्ड बंद करणे व रक्कम परत जमा करणेबाबत
>
> महोदय,
>
> माझे आपल्या मोताळा शाखेत बचत खाते आहे (शेवटचे चार अंक ४४१२). त्यावरील डेबिट कार्डावरून (शेवटचे चार अंक ७०३५) खालील तीन व्यवहार माझ्या संमतीशिवाय झाले आहेत :
>
> १) ७/११/२०२५, वेळ २३.४२, रु. ४,९९९
>
> २) ७/११/२०२५, वेळ २३.४४, रु. ९,८००
>
> ३) ७/११/२०२५, वेळ २३.५१, रु. १४,५००
>
> एकूण रु. २९,२९९. प्रत्येक एसएमएसमधील संदर्भ क्रमांक व संकेतस्थळाचे नाव सोबतच्या छायाचित्रांत आहे.
>
> व्यवहारांच्या वेळी कार्ड माझ्याकडेच, रोहिणखेड येथे होते व आताही आहे. पिन, सीव्हीव्ही किंवा ओटीपी मी कोणालाही सांगितलेला नाही. या व्यवहारांसाठी मला ओटीपी आलेला नाही. या कार्डाची परदेशी वापराची सोय मी सुरू केलेली नाही.
>
> ७/११/२०२५ रोजी २३.५५ वाजता मी आपल्या मदत क्रमांकावर कळवले असून तक्रार क्रमांक (येथे लिहावा) असा आहे. १९३० वरील नोंद क्रमांक (येथे लिहावा) असा आहे.
>
> माझी विनंती :
>
> १) कार्ड तत्काळ व कायमचे बंद करून तसे लेखी कळवावे.
>
> २) रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार रु. २९,२९९ दहा कामकाजाच्या दिवसांत, व्यवहाराच्या तारखेपासून धरून, माझ्या खात्यात जमा करावेत.
>
> ३) परदेशी वापर कधी व कोणत्या मार्गाने सुरू झाला, तसेच ओटीपी पाठवला असल्यास कोणत्या क्रमांकावर, याच्या नोंदी द्याव्यात.
>
> ४) या ईमेलची पोच व तक्रार क्रमांक द्यावा.
>
> नाव, नोंदणीकृत मोबाइल क्रमांक

एवढा मजकूर पुरेसा आहे. पूर्ण सोळा अंकी कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही, पिन किंवा ओटीपी कधीही लिहू नये. बँकेला तपासासाठी त्यांची गरज नसते. एसएमएसचे स्क्रीनशॉट जोडावेत आणि मूळ एसएमएस मोबाइलमधून पुसू नयेत.

विनंती क्रमांक दोनमधील ‘व्यवहाराच्या तारखेपासून धरून’ हे शब्दही महत्त्वाचे आहेत. परत आलेली रक्कम जणू खात्यातून कधी गेलीच नव्हती असे धरून जमा करावी, असा नियम आहे. त्यामुळे बचत खात्यावरचे व्याज बुडत नाही आणि क्रेडिट कार्ड असेल तर त्या रकमेवर जादा व्याज चढत नाही.

खोटे लिहू नये

घाबरून ओटीपी सांगितला असेल, तर ‘सांगितलेला नाही’ असे लिहिण्याचा मोह होतो. तो टाळावा. ओटीपी कधी गेला, कोणत्या मोबाइलवर पोहोचला आणि कधी वापरला गेला, याच्या नोंदी बँकेकडे असतात. विधान खोटे ठरले की उरलेल्या तक्रारीवरचाही विश्वास उडतो.

ओटीपी सांगितला असला तरी ईमेल निरुपयोगी ठरत नाही. समजा, आपल्या शेतकऱ्याने ईमेल पाठवल्यावर दहा मिनिटांनी, रात्री १२.२० ला, आणखी ६,००० रुपये गेले. त्याने ओटीपी सांगितला असता, तर पहिल्या २९,२९९ रुपयांचा भार त्याच्यावर आला असता. पण हे ६,००० रुपये बँकेनेच भरायचे, कारण ते कळवल्यानंतर गेले. अशा वेळी नवा ईमेल न लिहिता आधीच्याच ईमेलला उत्तर म्हणून चौथ्या व्यवहाराची माहिती पाठवावी. सूचना आधी आणि व्यवहार नंतर, हा क्रम एकाच ठिकाणी दिसतो.

तीन दिवस कसे मोजायचे?

येथेच अनेकांची गफलत होते. दिवस कामकाजाचे मोजायचे, तेही आपल्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाप्रमाणे. व्यवहाराची सूचना ज्या दिवशी मिळाली, तो दिवस धरायचा नाही. आपल्या उदाहरणात सूचना शुक्रवारी मिळाली. ८ नोव्हेंबरला दुसरा शनिवार, ९ ला रविवार, म्हणजे बँक बंद. पहिला दिवस सोमवार १० नोव्हेंबर, दुसरा मंगळवार आणि तिसरा बुधवार १२ नोव्हेंबर. तोपर्यंत कळवले, तर शेतकऱ्याचे नुकसान शून्य.

हीच तक्रार त्याने गुरुवारी, १३ नोव्हेंबरला केली असती तर? चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत कळवल्यास ग्राहकावर मर्यादित भार येतो. साध्या बचत खात्यासाठी ही मर्यादा प्रत्येक व्यवहारामागे १०,००० रुपये आहे. व्यवहाराची रक्कम त्याहून कमी असेल, तर तेवढीच. हिशेब करून पाहू. पहिल्या व्यवहाराचे पूर्ण ४,९९९, दुसऱ्याचे पूर्ण ९,८०० आणि तिसऱ्या १४,५०० पैकी १०,००० रुपये. म्हणजे २४,७९९ रुपये शेतकऱ्याच्या खिशातून जातात आणि परत मिळतात केवळ ४,५०० रुपये. एका दिवसाच्या उशिराची किंमत जवळपास पंचवीस हजार रुपये.

जनधनसारख्या मूलभूत बचत खात्याला ही मर्यादा ५,००० रुपये आहे. तेथे याच तीन व्यवहारांचा भार १४,९९९ रुपये होईल आणि १४,३०० परत मिळतील. सात कामकाजाचे दिवस उलटले, तर किती द्यायचे हे बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेल्या धोरणावर अवलंबून राहते. हे धोरण बँकेच्या संकेतस्थळावर असते. रिझर्व्ह बँकेचे नियमही वेळोवेळी बदलतात. त्यामुळे तक्रार करताना सध्याच्या मर्यादा तेथे एकदा पाहून घ्याव्यात.

तीन दिवसांची मुदत आहे म्हणून तीन दिवस थांबायचे, असा मात्र याचा अर्थ नाही. कार्ड सुरू राहिले तर पैसे जातच राहतात. शिवाय बँकेने चूक ग्राहकाचीच असल्याचे सिद्ध केले, तर थांबलेल्या प्रत्येक तासाचे नुकसान ग्राहकाला सोसावे लागते.

ईमेलनंतर बँकेने काय करायचे?

सूचना मिळताच पुढचे व्यवहार रोखणे आणि तक्रार क्रमांकासह पोच देणे, ही बँकेची जबाबदारी आहे. सूचना देण्याची सोय चोवीस तास असली पाहिजे. एसएमएस ग्राहकाला कधी पोहोचला आणि त्याचे उत्तर कधी आले, याची वेळ नोंदवणारी यंत्रणाही बँकेकडे असली पाहिजे.

त्यानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत वादातील रक्कम खात्यात जमा करायची असते. आपल्या उदाहरणात दहावा दिवस गुरुवार २० नोव्हेंबर येतो. मधला शनिवार, १५ नोव्हेंबर, महिन्यातील तिसरा असल्याने कामकाजाचा आहे. बँकेच्या भाषेत या जमेला ‘शॅडो रिव्हर्सल’ म्हणतात. हा अंतिम निकाल नसतो. चौकशी संपेपर्यंत अनेक बँका ही रक्कम खात्यात दाखवतात, पण काढू देत नाहीत. त्यामुळे पासबुकात पैसे दिसले म्हणजे प्रकरण मिटले, असे समजू नये.

तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावायचा असतो. आपल्या शेतकऱ्यासाठी ती तारीख ५ फेब्रुवारी २०२६ होते. या मुदतीत ग्राहकाची जबाबदारी किती हे बँकेला ठरवता आले नाही, तर नियमाप्रमाणे देय असलेली भरपाई तिला द्यावीच लागते. चूक ग्राहकाची होती, हे सिद्ध करण्याचा भारही बँकेवरच असतो.

बँक नाही म्हणाली तर?

‘ओटीपी टाकल्याशिवाय व्यवहार होऊच शकत नाही, म्हणजे तुम्हीच सांगितला असणार’ असे उत्तर अनेकांना मिळते. या युक्तिवादाला मुंबई उच्च न्यायालयाच्या जून २०२४ मधील निकालाने स्पष्ट उत्तर दिले. मुंबईतील एका औषध कंपनीच्या बँक ऑफ बडोदातील खात्यातून ऑक्टोबर २०२२ मध्ये सुमारे ७६ लाख ९० हजार रुपये नेट बँकिंगने परस्पर वळवले गेले. कंपनीने लगेच बँक आणि सायबर पोलिसांना कळवले. तरी बँकेने हात झटकले. बँकिंग लोकपालांनीही तक्रार फेटाळली.

प्रकरण न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी आणि न्यायमूर्ती फिरदोश पूनीवाला यांच्या खंडपीठापुढे गेले. ग्राहकाचा निष्काळजीपणा दाखवणारा पुरावा नाही आणि त्याने वेळेत कळवले आहे, तेव्हा २०१७ च्या परिपत्रकानुसार त्याची जबाबदारी शून्य ठरते, असे न्यायालयाने म्हटले आणि बँकेला रक्कम परत करण्याचा आदेश दिला. तो व्यवहार कार्डाचा नव्हता, पण नियम तोच. कंपनीच्या बाजूने उभी राहिलेली महत्त्वाची गोष्टही तीच : कळवण्यास झालेला उशीर दाखवता आला नाही.

अर्थात प्रत्येकाला उच्च न्यायालयात जाण्याची गरज नाही. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. तेथे पहिला प्रश्न असतो, बँकेकडे लेखी तक्रार केली होती का आणि कधी. जिल्हा ग्राहक आयोगातही हाच कागद लागतो.

म्हणून बँकेची पोच, तक्रार क्रमांक आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच एका ईमेलच्या साखळीत ठेवावा. शाखेत जाऊन अधिकाऱ्याशी बोलणे झाले, तर घरी येऊन ‘आज अमुक वाजता शाखेत भेटून असे सांगण्यात आले’ एवढी दोन ओळींची नोंद त्याच साखळीत पाठवावी. तोंडी बोलण्याला कोणतीही वेळ चिकटलेली नसते. ईमेलला ती आपोआप लागते.